समारंभ कसा उभा राहिला, हे रीलमध्ये कसं दाखवायचं

प्रश्न: मी घरगुती समारंभांचं नियोजन करते. प्रत्येक कार्यक्रमानंतर रील टाकते. लाइक चांगले मिळतात, पण भेटायला आलेले लोक म्हणतात, "छान आहे, पण आमच्या कार्यक्रमाचं तुम्ही काय कराल ते काही समजलं नाही." खऱ्या समारंभाची रील कशी बनवली म्हणजे समोरच्याला त्यात स्वतःचा कार्यक्रम दिसेल?

उत्तर:

तुमच्या रील मी पाहिलेल्या नाहीत, पण आपल्या धंद्यातल्या बहुतेक रील कशा असतात ते रोज पाहतो. त्यावरून अंदाज बांधतो. दिव्यांच्या माळा, फुलांचा क्लोज-अप, संथ फिरणारा कॅमेरा, यजमानांचा प्रवेश, टाळ्या आणि शेवटी लोगो. यात तयार झालेला कार्यक्रम दिसतो, तो कसा तयार झाला ते दिसत नाही. बघणारा "वा" म्हणतो आणि बोट पुढे सरकवतो, कारण जे दिसलं ते दुसऱ्याचं, दुसऱ्याच्या हॉलमधलं आणि आधीच पूर्ण झालेलं असतं.

तुमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी वेगळंच चाललेलं असतं. आमचा हॉल लांबट आहे, शेवटच्या ओळीला काही दिसेल का? आजीला पायऱ्या चढवत नाहीत, तिचं काय? हॉल त्याच दिवशी सकाळी ताब्यात मिळणार, तेवढ्या वेळात सगळं उभं राहील का? यांपैकी एखाद्या प्रश्नाला कोणीतरी तोंड देताना रीलमध्ये दिसलं, की तो आपसूक स्वतःला तिथे उभं करून पाहतो. त्याची अडचण तंतोतंत तीच असावी लागत नाही. समोरच्याची अडचण ऐकून, तिचं मोजमाप घेऊन, ही मंडळी काहीतरी ठरवतात एवढं दिसलं तरी काम होतं. म्हणून मी अशी रील एकाच धाग्यावर बांधतो: यजमानांची अडचण काय होती, त्यावर काय ठरवलं, आणि पाहुणे आल्यावर ते कसं चाललं.

हे सगळीकडे जसंच्या तसं लागू होत नाही, हे आधीच सांगतो. तुमची बरीचशी कामं फक्त सजावटीची असतील तर तयार सजावट दाखवणंच बरोबर आहे. तिथे ग्राहक डोळ्यांनीच निवड करतो. कंपन्यांच्या कार्यक्रमांत गोपनीयतेच्या अटी असतात आणि पडद्यामागचं काही दाखवायला परवानगी मिळत नाही. तुम्ही एकट्याच सगळं सांभाळत असाल तर शूट किती होऊ शकेल यालाही मर्यादा येईल. तुम्ही घरगुती समारंभांचं पूर्ण नियोजन करता असं लिहिलं आहे, म्हणून तेच धरून पुढचं सांगतो.

एका कामाची रील आम्ही कशी केली ते घेऊन बोलू, म्हणजे हवेत राहणार नाही. आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, पाहुणे १२०. हॉल ६० बाय ४० फुटांचा आणि त्याच्या बरोबर मधोमध दोन फूट रुंदीचा चौकोनी खांब. हॉल सकाळी दहाला ताब्यात आणि संध्याकाळी सहाला पाहुणे, म्हणजे हातात आठ तास. वडिलांचे गुडघे दुखरे, जास्त वेळ उभं राहता येत नाही. पाहुण्यांपैकी एकजण व्हीलचेअरवर. पहिल्या भेटीत मुलगी म्हणाली, "दादा, तो मधला खांब तेवढा फुलांनी झाकून टाका, बाकी काही नाही."

खांब फुलांनी झाकला तर तो आणखी जाडजूड होतो आणि हॉलच्या मध्यावर काहीच अर्थ नसलेली एक वस्तू उभी राहते. शिवाय त्याच्या मागे बसलेल्यांना व्यासपीठ दिसत नाही ही अडचण तशीच राहते. आम्ही उलटं सुचवलं. खांबाभोवती चार बाजूंची लाकडी चौकट करायची, प्रत्येक बाजू चार फूट रुंद, आणि तिच्यावर पन्नास वर्षांचे पन्नास फोटो लावायचे, वर्षाला एक. फोटो जमिनीपासून तीन ते सहा फुटांच्या मध्येच, म्हणजे उभ्या माणसाला वाकावं लागत नाही आणि खुर्चीतल्याला मान फार वर करावी लागत नाही. लोक तिथे थांबणार हे उघड होतं, म्हणून चौकटीच्या सगळ्या बाजूंनी सहा फूट जागा मोकळी ठेवली. व्यासपीठ खांबाच्या ओळीतून काढून एका कोपऱ्यात तिरकं घेतलं, उंची फक्त सहा इंच आणि चढायला सहा फूट लांबीचा उतार. एक इंच उंचीला एक फूट लांबी हे उताराचं रूढ प्रमाण आहे, व्हीलचेअर त्यावर सुखाने जाते. आणि सगळ्यांनी रांग लावून व्यासपीठावर यायचं हे रद्दच केलं. आठ-आठ जणांची चौदा गोल टेबलं आणि घरच्या आठ जणांची पुढची ओळ. यजमान जोडपं टेबलांमधून फिरणार, दमलं की जवळच्या खुर्चीत बसणार, त्यासाठी टेबलांच्या मधून पाच फुटांची वाट.

एवढं काम झालं होतं. आता यातलं रीलमध्ये किती घ्यायचं? सगळं घेतलं तर त्याचा माहितीपट होतो आणि कोणी पाहत नाही. आम्ही रीलसाठी दोनच निर्णय निवडले: खांबाचं काय केलं, आणि वडिलांना उभं राहावं लागू नये म्हणून काय केलं. एक जागेचा प्रश्न, एक माणसाचा. साठ-सत्तर सेकंदांत याहून जास्त मावत नाही. दिवे, ध्वनी, निमंत्रणपत्रिका, स्वागत, यांवरही मेहनत होतीच, पण ती या रीलची गोष्ट नव्हती. डेकोरेटरला आपलं काम कमी दिसलं म्हणून थोडं वाईट वाटलं, ते मला मान्य आहे. त्याला त्याच्या कामाच्या क्लिप वेगळ्या दिल्या.

रील ६५ सेकंदांची झाली. पहिले ४ सेकंद रिकामा हॉल, मध्ये खांब, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्यांच्या चवडी. त्यावर अक्षरं: "१२० पाहुणे. मध्ये खांब. हातात ८ तास." मग ८ सेकंद नकाशा: कागदावर हॉलची आखणी, त्यावर पेन्सिलीने खांब आणि त्याभोवतीचा मोकळा चौकोन. पुढचे १२ सेकंद खांबाचे. फरशीवर रंगीत चिकटपट्टीने तोच चौकोन आखला जातो, चौकट उभी राहते, पहिला फोटो लागतो. त्यानंतर १२ सेकंद व्यासपीठ आणि वाट. आमचा एक सहकारी उतारावरून रिकामी व्हीलचेअर नेऊन पाहतो, दुसरा टेप लावून वाट मोजतो. मग ८ सेकंदांचा टाइमलॅप्स, त्यात हॉल भरत जातो. पुढचे १२ सेकंद प्रत्यक्ष समारंभ: जोडपं आत येतं, खांबापाशी थांबतं, आई एका फोटोवर बोट ठेवते, नंतर वडील एका टेबलापाशी बसून हसत बोलताना दिसतात. शेवटचे ९ सेकंद पहिल्या शॉटच्याच कोपऱ्यातून भरलेला हॉल.

यातल्या दोन शॉटवर सगळा भार आहे, पहिल्या आणि शेवटच्या. एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, एकाच लेन्सने घेतलेला रिकामा आणि भरलेला हॉल एकापुढे एक आला की काय घडलं हे शब्दांशिवाय कळतं. ते जुळले नाहीत तर दोन वेगळ्या जागा वाटतात. म्हणून ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी फरशीवर पट्टीच्या खुणा करा, उंची लिहून ठेवा आणि झूम एकपटच ठेवा. अर्ध्या पटीच्या रुंद लेन्सचा मोह टाळा. त्यात चाळीस फुटांचा हॉल मैदानासारखा दिसतो, कडेचे लोक ताणले जातात, आणि मग तुमच्याकडे आलेला ग्राहक आपला हॉल पाहून नाराज होतो. मोकळ्या जागेचा अंदाज माणसाला आकड्यांपेक्षा माणसांवरून येतो. म्हणून तयारीच्या शॉटमध्येही एखादा माणूस चौकटीजवळून चालत जाऊ द्या. नुसत्या सजलेल्या, निर्मनुष्य हॉलमध्ये टेबलांमधलं अंतर तीन फूट आहे की सहा, हे मलाही सांगता येत नाही.

रिकाम्या हॉलचा शॉट हातून निसटणं ही सगळ्यात नेहमीची गोष्ट. हॉल ताब्यात मिळताच मंडळी सामान आत ओढायला लागतात आणि पाच मिनिटांत रिकामा हॉल उरत नाही. त्यामुळे रेकीला जाल तेव्हाच तो घेऊन ठेवा, जमल्यास दिवसा एकदा आणि समारंभाच्या वेळच्या उजेडात एकदा. दिवसाच्या प्रकाशातला रिकामा आणि रात्रीच्या दिव्यांतला भरलेला हॉल शेजारी ठेवला की बदल दिव्यांमुळेच झाल्यासारखा वाटतो. आपण काय केलं ते झाकलं जातं.

टाइमलॅप्सचं थोडं गणित करून जा. आमचा फोन आठही तास चालू नव्हता. टेबलं आणि चौकट लागतात त्या अडीच तासांपुरताच तो लावला, दर दहा सेकंदांना एक फ्रेम. म्हणजे ९०० फ्रेम, सेकंदाला ३० प्रमाणे अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि संपादनात चौपट वेग केला की साधारण आठ सेकंद. मिनिटाला एकच फ्रेम घेतली असती तर माणसं टिपक्यांसारखी उगवतात आणि नाहीशी होतात, काम होताना दिसत नाही. फोनचा फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर पांढऱ्या शर्टातला कोणीही समोरून गेला की सगळं चित्र काळवंडतं. फोन चार्जरला जोडलेला हवा आणि कोणाच्या वाटेत नको. एवढं करूनही तो कोणीतरी हलवतोच, म्हणून मधून जाऊन बघायचं.

तांत्रिक बाजूचं आणखी एकच सांगतो, कारण ते नंतर दुरुस्त होत नाही. काही एलईडी दिव्यांखाली व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याला दिसत नाहीत, फोनच्या पडद्यावर दिसतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे शटर १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्झचा असेल तिथे १/६० किंवा १/१२० ठेवलं तर ते बहुतेक वेळा जातात. पाहुणे येण्याआधी, सगळे दिवे लावून, दहा सेकंदांची चाचणी क्लिप घेऊन मोठी करून बघा. स्लो मोशनमध्ये हा त्रास जास्त होतो.

शूट कोण करणार, हे मात्र आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. ज्याच्या हातात रनशीट आहे त्याच्या हातात कॅमेरा नको. ध्वनिवाल्याला माइक कधी द्यायचा हे बघायचं सोडून तो फ्रेम जुळवत बसतो, किंवा उलट. आम्ही रनशीटमध्येच उजवीकडे एक रकाना जोडतो आणि ज्या कामाच्या वेळी शॉट हवा त्यासमोर लिहितो: "चौकट उभी, कोपरा क्रमांक १", "उतार, व्हीलचेअर". शूट करणाऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही. त्या रकान्यात दहा-बारा नोंदींपेक्षा जास्त नसतात. ज्याच्याकडे यादी नसते तो चारशे क्लिप आणतो आणि त्यांत नेमका उतार नसतो.

समारंभाचं मुख्य चित्रीकरण करणाऱ्यांकडून क्लिप घेणार असाल तर त्यांच्याशी आधी बोला. त्यांचा कॅमेरा आडवा असतो आणि रील उभी, ९:१६ ची. १९२० बाय १०८० च्या आडव्या व्हिडिओतून उभा तुकडा कापला तर रुंदीत जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात आणि ते ताणून १०८० केल्यावर चित्र मऊ पडतं. तेच ३८४० बाय २१६० मध्ये घेतलेलं असेल तर कापूनही साधारण १२१५ पिक्सेल राहतात, म्हणजे काम भागतं. पण तरीही खांब आणि जोडपं दोन्ही एका उभ्या चौकटीत येतील अशी फ्रेम त्यांनी धरलेली नसते, हे लक्षात ठेवा. आणि त्यांच्या क्लिप तुमच्या जाहिरातीत वापरता येतील का, नाव कसं द्यायचं, हे तोंडी न ठेवता लिहून घ्या.

आता आवाज. मी अशा रीलवर स्वतःच्या आवाजात बोलतो आणि खाली तीच अक्षरं देतो, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. आरामात बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. सगळं मिनिट शब्दांनी भरू नका. आमचं निवेदन जवळजवळ असं होतं:

"हॉल चांगला होता, पण मधोमध हा खांब. घरच्यांनी सांगितलं, झाकून टाका. आम्ही मोजून पाहिलं. झाकला असता तर अजून मोठा दिसला असता. मग त्याच्याभोवती पन्नास वर्षांचे पन्नास फोटो लावायचं ठरलं. लोक थांबतील म्हणून चारही बाजूंना सहा फूट मोकळे. बाबांना फार वेळ उभं राहता येत नाही. म्हणून व्यासपीठ सहा इंचांचं, चढायला उतार, आणि रांग नाही. तेच टेबलांपर्यंत येणार. सकाळी दहाला हॉल मिळाला. साडेपाचला आम्ही बाजूला झालो."

इथे निवेदन थांबतं आणि समारंभाच्या १२ सेकंदांत खोलीतला खरा आवाज ऐकू येतो: खुर्च्या सरकतात, कोणीतरी हाक मारतं, आई फोटो पाहून "अगं बाई" म्हणते. त्या क्षणावर भरगच्च संगीत टाकलं असतं तर ती जाहिरात झाली असती. संगीत लावायचंच असेल तर व्यवसायासाठी परवाना असलेलं निवडा. लोकप्रिय गाणी खासगी खात्यावर चालतात म्हणून व्यवसायाच्या रीलवर चालतील असं नसतं. आवाज मागाहून बंद केला जाऊ शकतो, आणि निवेदनही त्याच ध्वनिपट्टीत असेल तर तेही त्याबरोबर जाऊ शकतं.

निवेदनात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. "आम्ही सर्वोत्तम देतो", "स्वप्न साकारतो" असली वाक्यं काढून टाका आणि त्यांच्या जागी "म्हणून" असलेली वाक्यं घाला. लोक थांबतील म्हणून सहा फूट. गुडघे दुखतात म्हणून उतार. बघणाऱ्याला तुमची विचार करण्याची पद्धत याच "म्हणून"मधून कळते आणि स्वतःच्या कार्यक्रमाला ती लावून पाहता येते.

अक्षरांबद्दल थोडं. रीलवर खाली वर्णन आणि उजव्या कडेला बटणं येतात, त्यामुळे खालच्या साधारण पाचव्या भागात आणि उजव्या कडेला महत्त्वाचं काही ठेवू नका. काही संपादन ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, "ऱ्या" आणि "ष्ट्र" हमखास. रेंडर झालेली फाइल दुसऱ्या फोनवर उघडून वाचल्याशिवाय टाकू नये. एका वेळी सहा-सात शब्दांपेक्षा जास्त दाखवलेत तर माणूस वाचत बसतो आणि मागचा उतार बघायचा राहतो.

खर्चाचा आकडा रीलमध्ये द्यावा का, हे बरेच जण विचारतात. मी देत नाही. तो त्या हॉलचा, त्या दिवसाचा, त्या संख्येचा आकडा असतो. बघणारा तो स्वतःच्या कार्यक्रमाला चिकटवतो आणि बोलणं तिथेच अडकतं. पण खर्च कुठे वळवला ते सांगायला हरकत नाही. आमच्या वर्णनात एक ओळ होती: "व्यासपीठाची सजावट जवळजवळ काढून टाकली, तो खर्च फोटोंच्या चौकटीवर केला." ती वाचून आलेला माणूस भेटीत दराआधी प्राधान्यांबद्दल बोलायला लागतो. कमी दरावरच काम मिळवायचं ही ज्यांची पद्धत आहे त्यांनी आकडा द्यावा, त्यांचा ग्राहक वेगळा असतो.

आता परवानगी. ही मी करार करतानाच मागतो, समारंभ झाल्यावर नाही. नंतर मागितली की यजमान भिडेखातर हो म्हणतात आणि व्हिडिओ दिसल्यावर घरात कुरबुर होते. करारात वेगळं कलम असतं आणि त्यात तीन पर्याय: सगळ्यांचे चेहरे चालतील, फक्त यजमानांचे चालतील, कोणाचेच नकोत. लहान मुलांसाठी वेगळी ओळ, पालकांच्या संमतीची. टाकण्याआधी रील यजमानांना दाखवायची, त्यांनी काढ म्हटलेला शॉट कारण न विचारता काढायचा, आणि त्यांचा स्वतःचा व्हिडिओ घरच्यांनी पाहिल्याशिवाय आपली रील टाकायची नाही. पाहुण्यांना हॉलच्या दाराशी लहानशा पाटीने कळवतो की चित्रीकरण चालू आहे, नको असेल त्यांनी सांगावं.

तिसरा पर्याय निवडला गेला तरी रील होते, आणि कधी कधी जास्त चांगली होते. खांबापाशी थांबलेल्या माणसांच्या पाठी, फोटोवर ठेवलेला हात, उतारावरची चाकं, टेबलाखाली काढून ठेवलेली काठी. अडचण आणि उपाय दाखवायला चेहरा लागतोच असं नाही. मात्र चेहरे टाळताना इतर गोष्टी निसटतात त्या बघा. बैठकीचा तक्ता क्लोज-अपमध्ये घेतला की पाहुण्यांची नावं वाचता येतात, रनशीटवर सगळ्यांचे फोन नंबर असतात, पार्किंगच्या शॉटमध्ये गाड्यांचे नंबर. आणि आमच्या बाबतीत चौकटभर जुने फोटो होते, ज्यांत असे कितीतरी नातेवाईक होते ज्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं. म्हणून चौकट आम्ही दुरून घेतली, आणि जवळून फक्त तो एक फोटो, ज्यात ते दोघंच होते.

काहीजण सुचवतात की राहिलेले शॉट नंतर पुन्हा करून घ्यावेत. नकाशा काढतानाचा हात मागाहून शूट केला तर मला त्यात गैर वाटत नाही, नकाशा तोच खरा असेल तर. पण यजमानांशी झालेल्या पहिल्या भेटीचं नाटक बसवू नका. खोटं बोलणं दोन सेकंदांत ओळखू येतं आणि मग खरा खांबही रचलेला वाटतो. दुसऱ्या समारंभातला सुंदर शॉट यात मिसळणं तर अजिबात नको. कोणीतरी विचारतंच, "ते निळे दिवे आम्हालाही मिळतील ना?" आणि ते दिवे त्या हॉलमध्ये नव्हतेच.

रील जमली की नाही हे टाकण्याआधी कळायला हवं. त्यासाठी कच्चा ड्राफ्ट या क्षेत्राबाहेरच्या कोणालातरी आवाज बंद करून एकदाच दाखवा आणि तीन गोष्टी विचारा. साधारण किती पाहुणे होते? अडचण काय होती? तुझ्या घरी कार्यक्रम असता तर तू यांना काय विचारलं असतंस? पहिलं उत्तर फार चुकलं तर फ्रेममध्ये माणसं कमी पडली आहेत किंवा लेन्स रुंद झाली आहे. दुसऱ्याला "फुलं छान होती" असं उत्तर आलं तर सुरुवातीचा रिकामा हॉल पुरेसा वेळ टिकलेला नाही. तिसऱ्यावर गप्प बसला तर निर्णय दिसला पण कारण दिसलं नाही, तेव्हा निवेदनाकडे परत जा. आमच्या ड्राफ्टमध्ये उताराचा शॉट पहिल्यांदा फक्त पाच सेकंदांचा होता. पाहणाऱ्याला तो सजावटीचाच भाग वाटला. व्हीलचेअर खालून वर पूर्ण जाईपर्यंत तो लांबवला आणि तेवढे सेकंद टाइमलॅप्समधून कापले.

टाकल्यानंतर लाइक बघत बसू नका. घरगुती समारंभ ठरवणारे लोक रील जपून ठेवतात आणि घरच्यांना पाठवतात, म्हणून सेव्ह आणि शेअर जास्त बोलके असतात. प्रेक्षक कुठे सोडून जातात त्याचा आलेख मिळत असेल तर पहिल्या चार-पाच सेकंदांनंतरची घसरण स्वाभाविक समजा. मध्येच एका जागी कडा कोसळावा तशी घसरण असेल तर तो शॉट लांबला आहे किंवा तिथे काहीच ठरत नाही. पण मी सगळ्यात जास्त भरवसा आलेल्या निरोपांवर ठेवतो. "किती घेता?" हा निरोप कुठल्याही रीलवर येतो. "आमच्या हॉलमध्येही दोन खांब आहेत" किंवा "माझ्या सासऱ्यांना उभं राहता येत नाही, असं बसवता येईल का?" असे निरोप यायला लागले तर समजायचं की तुम्हाला हवं ते पोहोचलं. असे निरोप पाठवणाऱ्याला भेटीला येताना हॉलचा रिकामा फोटो आणि लांबी-रुंदी घेऊन यायला सांगा. पुढच्या रीलचा पहिला शॉट बहुधा त्यातच असतो.